नोकरीच्या अर्जासाठी नमुना कव्हरेज कसं लिहावं: एका पटकथेच्या आधारे

निर्मिती संस्थेकडे येणारी प्रत्येक पटकथा तिथले निर्णय घेणारे लोक स्वतः वाचत नाहीत. आधी स्क्रिप्ट रीडर वाचतो आणि तीन-चार पानांचा अहवाल देतो, त्याला कव्हरेज म्हणतात. तो अहवाल वाचून पुढचा माणूस ठरवतो की या पटकथेला आपले दोन तास द्यायचे की नाही. रीडरच्या कामासाठी अर्ज केला की बहुतेक ठिकाणी नमुना कव्हरेज मागतात. पदवी कुठली यापेक्षा या तीन-चार पानांवरच तुमची पारख होते.

मी फोंड्यात राहून मुंबईच्या संस्थांसाठी पटकथा वाचते. काम घरून होतं, पटकथा ईमेलने येतात. गेल्या काही वर्षांत गोव्यातल्या बऱ्याच मराठी मुलामुलींनी मला आपले नमुने दाखवले. त्यातले बहुतेक रंगभूमीवरून आलेले, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत कामं केलेले. वाचन दांडगं, भाषा चांगली. तरीही चुका त्याच त्याच. म्हणून एकच पटकथा घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत नमुना कसा तयार होतो ते इथे लिहिते.

कुठली पटकथा घ्यायची

माझा पहिला नमुना मी एका गाजलेल्या चित्रपटाच्या पटकथेवर लिहिला होता. उत्तरच आलं नाही. पुढे एका संस्थेतल्या बाईंनी मला कारण सांगितलं. चित्रपट आधीच बनलाय, चाललाय, सगळ्यांनी पाहिलाय. मग तुम्ही केलेली स्तुती तुमची स्वतःची आहे की जगाची, हे त्यांना कळणार कसं? शिवाय पडद्यावर पाहिलेले चेहरे आणि संगीत वाचताना डोक्यात असतं, आणि कागदावर नसलेलं बरंच काही आपण नकळत कागदाला बहाल करतो.

तेव्हा न बनलेली पटकथा घ्या. आणि ती मधल्या दर्जाची असू द्या, जिच्यात काहीतरी खरंखुरं चांगलं आहे आणि काहीतरी ठळकपणे बिघडलेलं आहे. अगदी वाईट पटकथेवर कोणीही टीका लिहू शकतो. रीडरचा कस लागतो तो मधल्या पटकथेवर, कारण तिथे निकाल देताना कारण शोधावं लागतं.

गोव्यात अशी पटकथा मिळणं अवघड नाही. 2004 पासून इफ्फी पणजीत भरतो आणि 2007 पासून त्याच्यासोबत एनएफडीसीचा फिल्म बाजार. नोव्हेंबरच्या त्या दिवसांत पणजीत लेखक भेटतात. नाटक लिहिणारे आणि आता पटकथेकडे वळलेले लोकही आपल्या ओळखीत असतात. त्यांच्याकडे मागा, पण दोन ओळींची लेखी परवानगी ईमेलवर घ्या: नमुना म्हणून कव्हरेज लिहिणार आहे, अमुक संस्थांना पाठवणार आहे, मूळ पटकथा सोबत जोडणार नाही. लेखकाची इच्छा असेल तर नाव बदला.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. आधी कुठे इंटर्नशिप करताना वाचलेल्या, संस्थेकडे विश्वासाने आलेल्या पटकथेचं कव्हरेज नमुना म्हणून पाठवू नका. ते कितीही उत्तम असलं तरी वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो की हा उद्या आमच्याही पटकथा बाहेर दाखवेल.

या लेखासाठी मी एक पटकथा कल्पिली आहे. नाव ‘रिकामी ट्रिप’, पानं 112, स्थळ डिचोली तालुका, काळ 2012-13. उदय (38) खनिजवाहू ट्रकांचा मालक. एक ट्रक आधीचा, दुसरा वडिलांचं कुळागर गहाण टाकून घेतलेला. बायको शुभदा (34) हिशेबाची वही सांभाळते. वडील आबा (70), खाण खोल गेल्यापासून त्यांच्या कुळागरातली झर आटलेली आहे. दामू (29) हा ड्रायव्हर. खाणी बंद होतात, हप्ते थकतात, आणि उदय दामूबरोबर एका ठेकेदारासाठी रात्रीच्या चोरट्या रेती-वाहतुकीत उतरतो.

पहिलं वाचन आणि दुसरं वाचन

पहिलं वाचन एका बैठकीत करा. पेन हातात असू द्या, पण फक्त पानाचा आकडा आणि एकच शब्द लिहायचा: 31 खाण बंद, 66 बँक, 74 भांडण, 83 अपघात. जिथे लक्ष उडालं तिथेही आकडा टाका, कारण तिथे का उडालं हे नंतर शोधायचं असतं. माझ्या कागदावर ‘रिकामी ट्रिप’साठी 14, 22, 27 असे आकडे पडले असते, म्हणजे पहिल्या तीस पानांतच तीनदा.

नाटकवाल्यांना इथे एक सवय मोडावी लागते. नाटकाची संहिता वाचताना आपला डोळा संवादावरून संवादावर उडी मारतो आणि कंसातल्या सूचना ओझरत्या बघतो. पटकथेत मात्र निम्मी गोष्ट वर्णनाच्या ओळींत असते. शुभदा वही बंद करून ती तांदळाच्या डब्यात ठेवते, ही 40व्या पानावरची एक ओळ आहे, संवाद नाही. पण शेवटी तीच वही बाहेर येते आणि गोष्ट फिरते. ती ओळ निसटली तर सारांशात वही आभाळातून पडल्यासारखी वाटते.

पानांच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. बारा पॉइंटच्या कुरिअर टंकात, ठरलेल्या मांडणीत लिहिलेली पटकथा साधारण पानाला एक मिनिट धरतात. देवनागरीत किंवा जुन्या दोन रकान्यांच्या मांडणीत लिहिलेल्या पटकथेला हा हिशेब लागू होत नाही. तेव्हा ‘चित्रपट लांबेल’ असं नुसत्या पानांवरून लिहू नका.

दुसरं वाचन सारांशासाठी. ते तुकड्यातुकड्याने केलं तरी चालतं. सुरुवातीला दोन्ही वाचनं आणि लिखाण मिळून मला पूर्ण दिवस लागायचा. नमुन्यासाठी दोन दिवस घ्या, घाई करू नका.

वरचं पान

कव्हरेजच्या पहिल्या पानावर माहितीचा चौकोन असतो: पटकथेचं नाव, लेखक, पानं, भाषा, प्रकार, स्थळ, काळ, मसुद्याची तारीख, वाचणाऱ्याचं नाव, वाचल्याची तारीख. त्याखाली लॉगलाइन, म्हणजे एका वाक्यात गोष्ट. मग गुणांचा तक्ता: कल्पना, रचना, पात्रं, संवाद, निर्मितीचा आवाका, आणि प्रत्येकासमोर उत्तम, चांगलं, ठीक, कमकुवत यांपैकी एकावर खूण. शेवटी निकाल.

निकालाचे तीन शब्द इंग्रजीतच चालतात: पास, कन्सिडर, रेकमेंड. यातल्या ‘पास’पाशी आपली माणसं हमखास फसतात. आपल्याकडे पास म्हणजे उत्तीर्ण. कव्हरेजमध्ये पास म्हणजे ‘आम्ही ही सोडून देतो’, थोडक्यात नकार. पत्त्यांत डाव न घेता पास म्हणतात, तोच हा अर्थ. एका मुलाने मला दाखवलेल्या नमुन्यात दोन पानं कौतुक आणि वर ‘पास’ लिहिलेलं होतं. तसंच गेलं असतं तर पुढची पानं कोणी उघडलीही नसती.

कन्सिडर म्हणजे दोष आहेत, पण वरच्या माणसाने वेळ घालवावा इतकं बळ आहे. रेकमेंड म्हणजे आजच वाचा. रेकमेंड क्वचितच दिलं जातं, आणि नमुन्यात ते दिलं तर तुमची पसंतीची पातळी खाली आहे असा समज होतो. बऱ्याच ठिकाणी पटकथेचा निकाल वेगळा आणि लेखकाचा वेगळा मागतात. ही सोय फार उपयोगाची आहे, तिच्याकडे पुढे येते.

लॉगलाइन लिहिताना दोष सापडतो

लॉगलाइन तीस-चाळीस शब्दांची. तिच्यात कोण, त्याला काय हवंय, आड काय येतंय आणि पणाला काय लागलंय एवढं आलं पाहिजे. पात्राचं नाव नको, ओळख हवी. ‘उदय’ने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, ‘कुळागर गहाण टाकलेला ट्रकमालक’ म्हटलं की माणूस दिसतो.

पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण असं लिहितात:

‘खाणबंदीच्या पार्श्वभूमीवर एका सामान्य कुटुंबाच्या संघर्षाची, नात्यांची आणि मातीशी असलेल्या ओढीची हृदयस्पर्शी कहाणी.’

हे पोस्टरवरचं वाक्य झालं. यावरून दहा वेगवेगळे चित्रपट निघतील. दुसरा प्रयत्न:

‘2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्यावर, वडिलांचं कुळागर गहाण टाकून ट्रक घेतलेला एक मालक हप्ते फेडण्यासाठी रात्रीच्या चोरट्या रेती-वाहतुकीत उतरतो. तिथे त्याच्या ड्रायव्हरचा जीव गेल्यावर ठेकेदाराला साथ द्यायची की खरं बोलायचं हे त्याला ठरवावं लागतं.’

हे वाचायला चांगलं आहे, दोन वाक्यांचं एक करता येईल, पण ते खोटं आहे. पटकथेत उदय काहीच ठरवत नाही. 90व्या पानापासून तो गप्प बसलेला आहे, आणि 101व्या पानावर शुभदा हिशेबाची वही पोलिसांपुढे ठेवते. त्या वहीत ठेकेदाराने दिलेल्या रकमा तारखेनिशी आहेत. चांगल्या वाचकाचा मेंदू मोडकी गोष्ट आपोआप जुळवून घेतो, आणि ही जुळवाजुळव लॉगलाइनमध्ये शिरली की संपूर्ण कव्हरेज न लिहिलेल्या पटकथेबद्दल होऊन बसतं. म्हणून खरी लॉगलाइन अशी:

‘2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्यावर कुळागर गहाण टाकलेला एक ट्रकमालक चोरट्या रेती-वाहतुकीत उतरतो, आणि त्यात ड्रायव्हरचा जीव गेल्यावर तो गप्प राहतो तेव्हा खरं बाहेर काढायचं काम त्याच्या बायकोवर येतं.’

वाक्य किंचित अवघडल्यासारखं झालं, कारण त्याच्या मध्यावर नायक बदलतो. ते अवघडलेपण पुसू नका. पटकथेचा मुख्य दोष तिथेच हाताला लागला आहे, आणि अभिप्राय त्याच धाग्यावर लिहायचा आहे.

सारांश

सारांश 500 ते 700 शब्दांचा, वर्तमानकाळात, घटना ज्या क्रमाने पटकथेत आहेत त्या क्रमाने, शेवटासकट. शेवट लपवणारा सारांश अजूनही दिसतो. वाचणाऱ्याला उत्कंठा नको आहे, निर्णयासाठी पूर्ण गोष्ट हवी आहे.

इंग्रजी कव्हरेजमध्ये पात्राचं नाव पहिल्यांदा येतं तेव्हा मोठ्या लिपीत लिहितात. देवनागरीत मोठी लिपी नाही, तेव्हा नाव ठळक करा आणि पुढे वय लिहा. नावं पाच-सहाच ठेवा. चहावाला, बँकेचा शिपाई, दामूचा मेहुणा यांना त्यांच्या कामाने ओळखू द्या.

सगळ्यात मोठी चूक प्रमाणाची असते. सुरुवातीची पानं ताजी असतात, म्हणून पहिल्या तीस पानांवर निम्मा सारांश खर्च होतो आणि शेवटची तीस पानं दोन वाक्यांत गुंडाळली जातात. ताडून बघायचा सोपा मार्ग असा: सारांशाच्या प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तो कुठल्या पानांचा आहे ते पेन्सिलने लिहा. 600 शब्दांत 112 पानं, म्हणजे पहिल्या तीस पानांना साधारण दीडशे शब्द. ‘रिकामी ट्रिप’च्या पहिल्या तीस पानांत नव्या ट्रकची पूजा, जत्रा, मित्रांची पार्टी असं पुष्कळ आहे, पण गोष्ट पुढे नेणारं एकच: कुळागर गहाण पडतं आणि आबांना ते सांगितलेलं नसतं. तेव्हा तिथे शंभर शब्दही पुरतील.

मधल्या भागातला एक परिच्छेद असा दिसेल:

‘बँकेची दुसरी नोटीस येते. उदय ती न उघडता ट्रकमध्ये ठेवतो. शुभदा त्याला न सांगता बँकेत जाते आणि जुना ट्रक परत करून कुळागर सोडवण्याची बोलणी करते. उदयला हे दुसऱ्याकडून कळतं. दोघांचं भांडण होतं. त्याच रात्री तो दामूसोबत नदीवर रेती भरायला जातो.’

यात एकही मत नाही. ‘दुर्दैवाने’, ‘अचानकच’, ‘न पटण्याजोग्या पद्धतीने’ असे शब्द सारांशात शिरू देऊ नका. उदय नोटीस उघडत नाही आणि शुभदा बँकेत जाते, या दोन साध्या वाक्यांतून वाचणाऱ्याला दिसतंच की हलतं कोण आणि बसून कोण राहतं. मत अभिप्रायात येईल तेव्हा ते आधीच तयार असेल.

सारांश लिहून झाला की मी तो माझ्या वहिनीला देते. तिचा चित्रपटाच्या धंद्याशी संबंध नाही. वाचून झाल्यावर तीन गोष्टी विचारते: कुणाला काय हवं होतं, कशामुळे अडलं, शेवटी काय झालं. ती जिथे अडखळते तिथे दोष माझ्या सारांशाचा की पटकथेचा, हे मूळ पानं उघडून बघते. पटकथेतच ते नसेल तर ती नोंद अभिप्रायात जाते. तुमच्याही घरात असं कोणीतरी असेल, त्यांना वाचायला द्या. मात्र परवानगी देणाऱ्या लेखकाला हे आधी सांगून ठेवा.

अभिप्राय

अभिप्राय एक ते दीड पान. हे पान कोण वाचणार ते लक्षात ठेवा: संस्थेतला माणूस, लेखक नव्हे. ‘तुम्ही उदयचं पात्र अधिक खुलवायला हवं होतं’ असं लेखकाशी बोलणं इथे चालत नाही. लेखकाला सूचना देणं हे वेगळं काम आहे, त्याचे पैसेही वेगळे मिळतात.

आपण वर्तमानपत्रांतली परीक्षणं वाचत मोठे झालो, त्यामुळे लिहायला बसलं की हातातून ‘उत्कंठावर्धक’, ‘मनाला भिडणारी’, ‘पकड घेणारी’, ‘संथ’ हे शब्द येतात. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, कुठल्या पानावर? ‘पहिला भाग संथ आहे’ याचं पुढे काय करायचं ते कुणालाच कळत नाही. तेच असं लिहिता येतं:

‘गोष्टीला सुरुवात करणारी घटना, खाणबंदी, 31व्या पानावर येते. त्याआधीच्या पानांत नवा ट्रक, जत्रा आणि पार्टी या तिन्ही प्रसंगांतून एकच गोष्ट कळते, ती म्हणजे सध्या पैसा खेळतो आहे. गहाणाची माहिती 27व्या पानापर्यंत राखून ठेवल्याने तोवर काही धोक्यात आहे असं वाटत नाही.’

आता संथपणाचं कारण हाताशी आलं. पहिल्या वाचनात टाकलेले 14, 22, 27 हे आकडे इथे कामाला येतात.

अभिप्रायाची सुरुवात निकालाच्या कारणाने करा. वाचणारा बहुतेक वेळा तेवढाच परिच्छेद वाचतो. ‘रिकामी ट्रिप’साठी मी असं लिहीन:

‘पटकथेचं जग अस्सल आहे आणि घरातले संवाद जिवंत आहेत, विशेषतः आबा आणि शुभदा यांच्यातले (पानं 38, 57). पण जो नायक म्हणून समोर ठेवला आहे तो एकदाच निर्णय घेतो, 74व्या पानावर, तोही रागाच्या भरात. बँकेशी बोलणी, ट्रक परत करणं आणि वही पोलिसांना देणं हे गोष्ट वळवणारे तिन्ही निर्णय शुभदाचे आहेत. तरीही तिचे प्रसंग मोजके आहेत, आणि ते निर्णय ती घेत असताना आपण बहुतेक वेळा उदयबरोबर दुसरीकडे असतो. बँकेतली भेट तर पडद्यावर येतच नाही, ती नंतर कुणाच्या तरी तोंडून कळते.’

यानंतर दुसऱ्या मुद्द्यांकडे वळा, पण एकाच वजनाने सगळं लिहू नका. 48व्या पानावर पणजीहून येणारी पत्रकार अन्वी (27) हे दुसरं दुखणं. तिचे चार प्रसंग आहेत आणि चारही प्रसंगांत कोणीतरी तिला खाणींचा इतिहास समजावून सांगतं. तिला स्वतःला गोष्टीत काही हवं नाही. तिला काढलं तरी एकही घटना बदलत नाही, हे ताडून बघितलं आणि लिहिलं की दोन वाक्यांत मुद्दा संपतो.

दोष दाखवताना उपाय किती सांगायचा, हा प्रश्न सगळे विचारतात. दिशा दाखवून थांबा. ‘गोष्ट शुभदाची होऊ शकते’ इथपर्यंत ठीक. ‘पहिला प्रसंग शुभदा बँकेच्या रांगेत उभी आहे असा ठेवावा, मग…’ असं लिहायला लागलात की तुमच्यातल्या लेखकाने खुर्ची बळकावली. रीडर घेताना संस्थेला नेमकी हीच भीती असते.

गोव्याचं माहीत असणं

इथल्या माणसाला अशा पटकथेत काही गोष्टी खटकतात ज्या मुंबईच्या रीडरला दिसणारही नाहीत. ‘रिकामी ट्रिप’मध्ये 31व्या पानावर सप्टेंबर महिन्यात भरलेले ट्रक धक्क्याकडे रांगेने चाललेत, आणि कोर्टाचा हुकूम येताच ते वाटेतच थांबतात. आता सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबवल्या त्या राज्य सरकारने, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ऑक्टोबरमध्ये आला. आणि मुळात पावसाळ्यात खनिजवाहतूक थांबलेलीच असते, हंगाम सुरू होतो पाऊस सरल्यावर. सप्टेंबरमध्ये ट्रक दारात उभे असायचे, सगळे हंगामाची वाट बघत असायचे.

असं काही सापडलं की हात शिवशिवतात आणि अर्धं पान त्यावर जातं. आवरा. आधी बघा की चूक गोष्टीला इजा करते का. न्यायालय की सरकार, हा फरक एका वाक्यात नोंदवून सोडून द्या, कारण तो बदलल्याने कथानक हलत नाही. हंगामाची चूक मात्र लिहिण्याजोगी आहे, कारण पटकथेतला सर्वात मोठा दृश्यात्मक क्षण तिच्यावर उभा आहे. ‘31व्या पानावरचा प्रसंग त्या ऋतूत घडणं शक्य नाही. स्थानिक प्रेक्षक तिथेच पटकथेवरचा विश्वास गमावेल.’ एवढं पुरे. यातून तुमचं स्थानिक ज्ञानही दिसतं आणि ते कुठे वापरायचं याची समजही.

निर्मितीच्या आवाक्याबद्दलही थोडकं लिहा, आकडे फेकू नका. या गोष्टीला खाणीचा खड्डा, खनिजवाहू ट्रकांची रांग, नदीकाठी रात्रीचं चित्रण आणि अपघात लागतो. त्यातलं अपघात आणि रात्रीची नदी टाळता येण्यासारखी नाही, बाकी गर्दीचे प्रसंग कमी करता येतात. खर्चाचा अंदाज देणं रीडरचं काम नाही.

निकाल ठरवणं

आता तक्ता भरायचा. मी तो शेवटी भरते, अभिप्राय लिहून झाल्यावर. आधी भरला तर नंतर त्याच्याशी जुळवून लिहायचा मोह होतो. ‘रिकामी ट्रिप’: कल्पना चांगली, रचना कमकुवत, पात्रं ठीक, संवाद चांगले, निर्मितीचा आवाका ठीक. मग तक्ता आणि अभिप्राय शेजारी ठेवून वाचा. संवादांसमोर ‘चांगलं’ आणि अभिप्रायात पत्रकाराच्या भाषणांवर टीका, हे कसं? घरातले संवाद चांगले आणि माहिती देणारे वाईट, हे अभिप्रायात स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ती खूण टिकते.

पास की कन्सिडर? इथे मी स्वतःला विचारते की हा दोष पुढच्या मसुद्यात दुरुस्त होण्यासारखा आहे का. पहिली तीस पानं आटपता येतात, पत्रकार काढता येते. एवढंच असतं तर कन्सिडर दिलं असतं. पण गोष्ट कुणाची हेच बदलायचं झालं तर पहिल्या पानापासून नवी पटकथा लिहावी लागेल. म्हणून पटकथेला पास. लेखकाला मात्र कन्सिडर, कारण घरातले प्रसंग, वहीची योजना आणि आबांचं पात्र लिहिणाऱ्याच्या हातात कसब आहे, पुढची पटकथा मागवावी असं ते आहे. दोन वेगळे निकाल आणि दोन्हींचं कारण एकेका वाक्यात. नमुन्यात हे नीट जमलं तर वाचणाऱ्याला बाकी काही सांगावं लागत नाही.

पाठवण्याआधी

अहवालाची भाषा जाहिरातीत बघा. मुंबईत बहुतेक ठिकाणी इंग्रजीत मागतात, पटकथा हिंदी किंवा मराठी असली तरी. मराठी विभागासाठी अर्ज असेल तर मराठी पटकथेवर इंग्रजी कव्हरेज हा सर्वात उपयोगी नमुना ठरतो, कारण रोजचं काम तेच असतं. मराठीतच पाठवायचं असेल तर युनिकोड टंकात लिहून पीडीएफ करा. जुन्या बिगर-युनिकोड टंकातली वर्ड फाइल दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हं होऊन उघडते. फाइलचं नाव साधं ठेवा, उदाहरणार्थ `Rikami_Trip_Coverage.pdf`. ईमेलमध्ये एक ओळ: पटकथा अप्रकाशित आहे, लेखकाची परवानगी आहे.

नमुना आवडला तर पुढची पायरी म्हणजे ते स्वतःची एक पटकथा पाठवतात आणि एक-दोन दिवसांत कव्हरेज मागतात. ती बहुधा अशी असते जिच्यावर त्यांचा निकाल आधीच झालेला आहे. वरच्या पानाचा कोरा साचा आधीच तयार ठेवा म्हणजे तो वेळ वाचतो. पटकथा संध्याकाळी आली तर त्याच रात्री एका बैठकीत वाचा आणि झोपण्याआधी फक्त निकाल आणि त्याचं कारण एका वाक्यात लिहून ठेवा. सकाळी सारांश लिहून झाल्यावर ते वाक्य काढून बघा. निकाल तोच राहिला आणि कारण बदललं, तर रात्रीचं वाक्य खोडा आणि सकाळच्या कारणावर अभिप्राय लिहायला घ्या.